दुकानातला माल ए-बी-सी मध्ये कसा वाटायचा : कोकणमेव्याच्या दुकानाचं अख्खं उदाहरण

आमचं दुकान मालवणात, कोकणमेव्याचं. सासऱ्यांनी सुरू केलेलं, आता बरंचसं मी बघते. चार वर्षांपूर्वी डिसेंबरमध्ये, म्हणजे ऐन गर्दीत, पर्यटक दारात उभे आणि आमच्याकडे काजूगर संपलेला, आणि मागच्या रॅकवर मात्र घावन पिठाच्या पुड्या तारीख उलटून पडलेल्या. तेव्हा पहिल्यांदा बसून हिशोब लावला की पैसे नक्की येतात कशातून आणि अडकलेत कशात. ज्यांनी नवीन दुकान टाकलंय, होमस्टेच्या बाहेर छोटा स्टॉल लावलाय किंवा घरचाच धंदा हातात घेतलाय त्यांच्यासाठी हे सगळं सविस्तर लिहितेय.

पद्धत जुनी आहे. १९५१ मध्ये जनरल इलेक्ट्रिक कंपनीतल्या फोर्ड डिकी यांनी ती स्टॉकसाठी मांडली, ए-बी-सी हे नाव तिथलंच. मूळ गोष्ट एवढीच की दुकानात वीस वस्तू असल्या तरी बहुतेक पैसा पाच-सहा वस्तूंमधून येतो. वस्तू विक्रीप्रमाणे मोठ्यापासून लहानापर्यंत लावायच्या, वरून खाली बेरीज करत जायची, बेरीज साधारण ८० टक्क्यांपर्यंत पोचेपर्यंतच्या वस्तू ए, तिथून ९५ पर्यंतच्या बी, उरलेल्या सी. ८० आणि ९५ हे काही कायद्याने ठरलेले आकडे नाहीत, कुणी ७० आणि ९० पण घेतात, पण सुरुवातीला हेच घ्या.

आधी वर्षाची विक्री काढा, आणि ती रुपयांत

पूर्ण बारा महिने घ्यायचे. कोकणात हे फार महत्त्वाचं आहे कारण आपला धंदा सारखा नसतो, पावसात किल्ल्याच्या होड्या बंद म्हणजे आमची बाजारपेठ पण निम्मी बंद, मग गणपतीला चाकरमानी, मग दिवाळी, नाताळ, मग थेट मे महिना. नुसते एप्रिल-मे घेतले तर यादीत सगळा आंबाच वर येणार. मी १ जून ते ३१ मे घेते, म्हणजे एक अख्खा सीझन एका यादीत बसतो आणि जूनमध्ये बसून करायला वेळही असतो.

नग मोजू नका. आमच्याकडे खाजाची ४० रुपयांची पुडी वर्षाला १६०० गेली आणि आंब्याच्या पल्पचे ८५० ग्रॅमचे डबे ८०० गेले, ३०० रुपयांना एक. नगावर बघितलं तर खाजा दुप्पट. रुपयांत खाजा ६४ हजार आणि पल्प २ लाख ४० हजार, म्हणजे पल्प जवळपास चौपट. स्टॉकमध्ये पैसा अडकतो तो रुपयांतच, म्हणून यादीही रुपयांतच.

बिलिंगचं ॲप असेल तर वस्तूवार विक्रीचा रिपोर्ट निघतो, काम सोपं. परत आलेला माल वजा झालाय का तेवढं बघा, आणि सगळे आकडे एक तर जीएसटीसकट घ्या नाहीतर सगळे जीएसटीशिवाय, मिसळू नका. बिलं नसतील तर वहीवरून उलटं काढता येतं : सुरुवातीचा माल, अधिक वर्षभरात आलेला, वजा आज शिल्लक, वजा फेकलेला. तिरफळांचं मी पहिल्या वर्षी असंच काढलं, ५० ग्रॅमच्या २० पुड्या आधीच्या, १७० नवीन भरल्या, २५ शिल्लक, ५ ला बुरशी आली म्हणून टाकल्या, म्हणजे १६० विकल्या, ५० रुपये दराने ८ हजार. फेकलेला माल वजा करायला लोक विसरतात आणि मग न खपणारी वस्तू खपल्यासारखी दिसते.

अजून एक. एखादी मोठी एकदाच आलेली ऑर्डर असेल, कुणाच्या लग्नात वाटायला दोनशे बॉक्स वगैरे, तर ती बाजूला काढा. ती ऑर्डर सांगून आलेली असते, तिच्यासाठी रोजचा स्टॉक ठेवायचा नसतो.

वस्तू म्हणजे काय हे आधी ठरवा

नवीन माणसाची सगळ्यात मोठी चूक इथे होते, आणि माझीही झाली होती. आमच्या बिलिंगमध्ये काजू पाच नावांनी होता : साधा अर्धा किलो, साधा पाव किलो, साधा एक किलो, खारा, मसाला. वर्षाची विक्री अनुक्रमे २ लाख १० हजार, १ लाख ३० हजार, ९५ हजार, १ लाख १० हजार आणि ७५ हजार. असे सुटे ठेवले तर यादीत पहिला नंबर आंबापोळीचा लागतो, ३ लाखांचा, आणि मसाला काजू तर खाली बी गटात जाऊन बसतो. पण मी काजू विकत घेते तो १० किलोच्या डब्यांत, एकाच कारखान्यातून, आणि पुड्या, खारवणं, मसाला लावणं सगळं घरी. डबा संपला की पाचही प्रकार एकदम संपतात, त्या डिसेंबरमध्ये तेच झालं होतं. एकत्र केला तर काजू ६ लाख २० हजार, आणि कुठलाही दुसरा माल त्याच्या जवळपासही नाही.

म्हणून नियम असा ठेवा की जे एकाच ठिकाणून एकाच रूपात येतं ते यादीत एक. पल्प आणि आंबापोळी दोन्ही आंब्याचेच पण वेगळ्या लोकांकडून येतात, म्हणून ते वेगळे. तुम्ही जर पॅकबंद काजू घेत असाल, पाव किलोचा वेगळा आणि किलोचा वेगळा, तर तुमच्या यादीत ते वेगळेच राहतील.

आता शीट बनवा

मोबाइलवरच्या शीटमध्येही होतं हे. पहिल्या कॉलममध्ये वस्तू, दुसऱ्यात विक्री, पहिली ओळ हेडिंगची, म्हणजे वीस वस्तू २ ते २१ ओळींत. विक्रीवर उतरत्या क्रमाने सॉर्ट करा, पण दोन्ही कॉलम सिलेक्ट करून. नुसता आकड्यांचा कॉलम सॉर्ट केला तर नावं जागच्या जागी आणि आकडे दुसऱ्याचे, आणि हे चुकलंय ते पटकन कळत पण नाही. सॉर्ट झाल्यावर वरच्या दोन-तीन नावांचा आकडा मूळ रिपोर्टशी ताडून बघा. मग हे दुसऱ्या ओळीत टाकून खालपर्यंत ओढा :

```
C2:  =B2/SUM($B$2:$B$21)
D2:  =SUM($C$2:C2)
E2:  =IF(D2-C2<0.8,"ए",IF(D2-C2<0.95,"बी","सी"))
```

सी कॉलम म्हणजे त्या वस्तूचा एकूण विक्रीतला वाटा, डी कॉलम म्हणजे वरपासून तिथपर्यंतची वाट्यांची बेरीज, ई मध्ये गट. डॉलरची खूण विसरलात तर खाली ओढताना रेंज सरकते आणि टक्के चुकतात. बरोबर आलंय का हे ओळखायची खूण म्हणजे डी कॉलमच्या शेवटच्या ओळीत बरोबर १, म्हणजे १०० टक्के, यायला हवेत.

आमची यादी अशी, आकडे समजायला सोपे जावेत म्हणून हजारात गोल केलेत, एकूण विक्री २० लाख :

| वस्तू | विक्री (हजार रु.) | बेरीज % | गट |
|---|---|---|---|
| काजूगर (सगळे) | ६२० | ३१.० | ए |
| आंबापोळी | ३०० | ४६.० | ए |
| आंबा पल्प | २४० | ५८.० | ए |
| कोकम आगळ, सरबत | १९० | ६७.५ | ए |
| मालवणी मसाला | १५० | ७५.० | ए |
| फणसाचे तळलेले गरे | ११० | ८०.५ | ए |
| आमसुलं | ७६ | ८४.३ | बी |
| खाजा | ६४ | ८७.५ | बी |
| फणसपोळी | ५० | ९०.० | बी |
| आवळा कँडी | ४० | ९२.० | बी |
| कुळीथ पीठ | ३४ | ९३.७ | बी |
| नारळाच्या वड्या | २८ | ९५.१ | बी |
| घावन पीठ | २२ | ९६.२ | सी |
| आंब्याचं लोणचं | १८ | ९७.१ | सी |
| करवंद सरबत | १५ | ९७.८५ | सी |
| तांदळाचे पापड | १३ | ९८.५ | सी |
| मिरगुंडं | ११ | ९९.०५ | सी |
| तिरफळं | ८ | ९९.४५ | सी |
| नाचणीचे लाडू | ६ | ९९.७५ | सी |
| जांभूळ पावडर | ५ | १०० | सी |

गऱ्यांची ओळ बघा. बेरीज ८०.५ झाली, म्हणजे ८० ओलांडली. मग ते ए की बी? बऱ्याच ठिकाणी फॉर्म्युला असा दिलेला असतो की बेरीज ८० किंवा कमी असेल तर ए, त्याने गरे बी मध्ये जातात आणि ए गट ७५ टक्क्यांवरच थांबतो. मी वर D2-C2 का घेतलंय ते यासाठी, म्हणजे ही वस्तू धरायच्या *आधी* बेरीज किती होती ते बघायचं. गऱ्यांच्या आधी ७५ होती, ८० ला पोचायला गरे लागतातच, म्हणून ते ए. हे क्षुल्लक वाटेल, पण समजा कुणी फक्त काजूवर चालतो आणि एकट्या काजूचाच वाटा ८५ टक्के आहे, तर त्या दुसऱ्या फॉर्म्युल्याने काजू बी मध्ये जाईल आणि ए गट रिकामाच. आधीची बेरीज बघितली की ती शून्य असते, काजू ए मध्येच राहतो.

आता रेषेच्या आसपास थोडं डोळ्यांनी बघा. गरे ११० आणि पुढचं आमसूल ७६, मध्ये चांगला खड्डा आहे, तिथे रेष बरोबर पडली. पण नारळाच्या वड्या २८ आणि घावन पीठ २२, यात काय मोठा फरक, पुढच्या वर्षी उलटं होऊ शकतं. घावन पीठ मी हाताने बी मध्ये टाकलं कारण ते आणि कुळीथ पीठ एकाच गिरणीतून एकाच फेरीत येतं, दोन वेगळ्या वेळापत्रकांनी आणण्यात काही अर्थ नाही. असं हाताने बदलायला काही हरकत नाही, फक्त शेजारच्या कॉलममध्ये कारण लिहून ठेवा नाहीतर सहा महिन्यांनी आपल्यालाच आठवत नाही.

आणि वीसपैकी सहा वस्तू ए मध्ये आल्या, म्हणजे ३० टक्के. ८० टक्के विक्री बरोबर २० टक्के वस्तूंतूनच यायला हवी असं काही नाही, तेवढ्यासाठी आकडे ओढूनताणून बसवू नका.

गट झाले, आता रॅककडे जा

इथे मला खरा धक्का बसला. यादी हातात घेऊन रॅकवरचा माल विक्रीच्या भावाने मोजला. घावन पीठ धरून सी गटाची वर्षाची विक्री ९८ हजार, आणि त्या दिवशी रॅकवर सी चा माल होता ७१ हजारांचा! म्हणजे जवळपास पावणेनऊ महिन्यांचा. आणि काजू शिल्लक होता २४ हजारांचा, वर्षाच्या ६ लाख २० हजारांच्या हिशोबाने जेमतेम दोन आठवड्यांचा. घावन पीठ तीन महिन्यांवर ठेवता येत नाही, आणि आम्ही ते नऊ महिन्यांचं भरून ठेवलेलं. कारण काय तर स्वस्त वस्तू घेताना हात सैल सुटतो, घे अजून पन्नास पुड्या, आणि काजूचा डबा महाग म्हणून एकेकच आणायचा. प्रत्येक गटात किती महिन्यांचा माल पडलाय हा एक आकडा काढाच, शिल्लक भागिले वर्षाची विक्री गुणिले बारा.

त्यानंतर आम्ही असं ठरवलं. ए च्या सहा वस्तू दर सोमवारी सकाळी हाताने मोजायच्या, वहीत लिहायच्या, आणि प्रत्येकीचा एक आकडा ठरलेला की याच्या खाली गेलं की त्याच दिवशी फोन. काजूचा डबा यायला चार-पाच दिवस लागतात म्हणून एरवी तो आकडा दोन डबे आणि डिसेंबर-मे मध्ये पाच. बी महिन्यातून एकदा मोजतो. सी ला मोजतच नाही, प्रत्येक वस्तूची एक पिशवी लाल दोरा बांधून मागे ठेवलेली असते, पुढचा माल संपून ती दोऱ्याची पिशवी उघडायची वेळ आली की ऑर्डर लिहायची, बस. माझा भाचा सुट्टीत दुकानात असतो, त्यालाही हे एका दिवसात जमलं.

यादी कुठे फसवते

पहिलं म्हणजे माल नव्हता म्हणून विक्री कमी. गरे कच्च्या फणसाचे, मार्च ते मे मध्ये तळून होतात आणि मग वर्षभर तोच साठा पुरवायचा. आमचे गरे जानेवारीतच संपले होते. म्हणजे यादीतले १ लाख १० हजार हे आठ महिन्यांचे, मागणी त्याहून जास्त होती. प्रत्येक ए-बी वस्तूसमोर ती किती महिने दुकानात होती ते लिहा, बारापेक्षा कमी असेल तर आकडा संशयाने बघा. मार्चमध्ये नवीन ठेवलेल्या वस्तूचंही तेच, तिला पहिल्या वर्षी सी म्हणून काढून टाकू नका, वेगळी ठेवा.

यातूनच दुसरी गोष्ट. गट फक्त लक्ष किती द्यायचं ते सांगतो, माल कधी घ्यायचा ते नाही सांगत. काजू ए आणि गरेही ए, पण काजू दर आठवड्याला मागवता येतो, गऱ्यांचा निर्णय वर्षातून एकदाच, मे मध्ये, आणि तो चुकला की दुरुस्ती पुढच्या मार्चलाच. आमसुलांचंही तसंच, बी असली तरी उन्हाळ्यात वाळवलेलीच वर्षभर. म्हणून सीझनला बनणाऱ्या वस्तूंसमोर मी ठळक खूण करते.

तिसरं, विक्री म्हणजे नफा नाही. पल्पच्या २ लाख ४० हजारांवर आम्हाला १० टक्के सुटतात, म्हणजे २४ हजार. मसाला आम्ही घरी कुटतो, १ लाख ५० हजारांवर ४० टक्के, म्हणजे ६० हजार. स्टॉक कधी मोजायचा आणि किती ठेवायचा यासाठी विक्रीची यादी चांगली, पण कुठली वस्तू दर्शनी मांडायची हे ठरवायला तीच शीट बी कॉलममध्ये नफा टाकून परत एकदा करा, दोन मिनिटांचं काम आहे आणि क्रम बराच बदलतो.

चौथं तिरफळांचं. पहिल्या वर्षी यादी बघून मी ती बंदच केली, एवढीशी विक्री आणि वर बुरशी. महिन्याभरात शेजारच्या काकी येऊन म्हणाल्या, "तिरफळां नाय? मगे बांगड्याचा तिकला काय नुसत्या मसाल्यान करू?" आणि तशाच गेल्या, मसाला आणि आमसुलं दोन्ही दुसऱ्या दुकानातून घेतली. मग मी जुनी बिलं काढून बघितली तर तिरफळांच्या बहुतेक बिलांवर मसाला किंवा आमसूल होतंच. म्हणून सी मधली कुठलीही वस्तू बंद करायच्या आधी तिची वीस-पंचवीस बिलं काढा आणि सोबत काय गेलंय ते बघा. एकटीच जात असेल, जसं आमच्याकडे जांभूळ पावडर, तर खुशाल बंद करा. सोबत ए ची वस्तू ओढून आणत असेल तर ठेवा, कमी ठेवा, पण ठेवा.

गणपतीची वेगळी यादी

वर्षाच्या यादीवर पर्यटकांचा जोर असतो. गणपतीला येणारा गिऱ्हाईक वेगळा, तो इथलाच, मुंबईला परत जाताना वर्षभराचं सामान घेऊन जातो, त्याला काजूचे बॉक्स नको असतात, पीठ आणि मसाला हवा असतो. म्हणून त्या वीस दिवसांची यादी मी तशाच फॉर्म्युल्याने वेगळी काढते. गेल्या वेळी त्या दिवसांत एकूण १ लाख ४० हजारांची विक्री झाली आणि त्यात एकटं कुळीथ पीठ १४ हजारांचं, म्हणजे १० टक्के. वर्षाच्या यादीत बी मध्ये तळाला असलेलं पीठ तिथे चौथ्या नंबरावर, सरळ ए मध्ये. त्यामुळे जुलैच्या शेवटी गिरणीवाल्या ताईंना आधीच सांगून ठेवते आणि त्या वीस दिवसांत पीठही सोमवारच्या मोजणीत घेते. विसर्जन झालं, गाड्या परत गेल्या की पीठ पुन्हा महिन्याच्या मोजणीत.

वर्षाची यादी मात्र जूनमध्ये एकदाच नवीन करायची, दर महिन्याला गट बदलत बसायचं नाही. एखादी वस्तू रेषेच्या जरा इकडची तिकडे झाली तर मी पहिल्या वर्षी गट तसाच ठेवते, सलग दुसऱ्या जूनलाही ती नव्या बाजूलाच दिसली तरच हलवते. यंदा आवळा कँडी अशीच थांबून आहे.